डब्यातून गेलेलं पत्र

तुमच्यापैकी जे होस्टेलवर राहतात, त्यांना 'डबा आला!' या आरोळीचा अर्थ सांगायला नको. डबा एकीचा, आणि धावतात सगळ्या! पण डबा पाठवणाऱ्या आईचे आभार तुम्ही कधी मानलेत? मला ते मानायला दीड वर्ष लागलं.

१९९६ साली मी पुण्यात होस्टेलवर होते. खोलीत आम्ही चौघी. त्यातली एक बार्शीची. दर पंधरा-वीस दिवसांनी तिच्या गावचं कुणीतरी पुण्याला यायचं आणि त्यांच्या हाती तिच्या आईचा स्टीलचा डबा असायचा. त्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि वर्तमानपत्रात बांधलेल्या कडक भाकरी. काकू हिशोबाच्या पक्क्या. दशम्या मोजून सोळा, म्हणजे चौघींना चार-चार. कणीक दुधात मळलेली, त्यामुळे त्या दोन-तीन दिवस मऊ राहायच्या. चटणीत पाण्याचा थेंब नसायचा, म्हणून ती कित्येक दिवस टिकायची. कडक भाकरीला तर मरणच नाही!

कुणाचा डबा रिकामा परत करू नये, अशी आपल्याकडची रीत. म्हणून आम्ही त्यात साखरेची पुडी घालून तो परत पाठवायचो. एकदा मला वाटलं, या वेळी साखरेबरोबर चिठ्ठीही घालावी. शाळेत शिकलेलं सगळं आठवून मी लिहिलं, "आपण वेळोवेळी पाठविलेले खाद्यपदार्थ अत्यंत रुचकर होते. त्याबद्दल आम्ही आपले अत्यंत ऋणी आहोत."

मैत्रिणीने वाचलं आणि ती खो-खो हसत सुटली. "अगं, हे काय नगरपालिकेचं पत्र आहे का? आणि यात मी कुठंय? आईला फक्त एवढंच बघायचं असतं, की मी जेवते का, बरी आहे का!"

खरंच की! काकू सोळा दशम्या करायच्या, पण त्यांचा जीव अडकलेला असायचा त्यातल्या चारांत. मी कागद फाडला आणि पुन्हा लिहायला बसले. 'तीर्थरूप' आपल्या आईवडिलांना लिहितात, इतर वडीलधाऱ्यांना 'तीर्थस्वरूप', एवढं मात्र शाळेतलं कामाला आलं.

"ती. स्व. काकूंना,
सा. न. वि. वि.

डबा मंगळवारी संध्याकाळी मिळाला. त्या दिवशी मेसमध्ये दुधीची भाजी होती, त्यामुळे आमच्यापैकी कुणीच खाली जेवायला गेलं नाही. दशम्या आणि चटणीवरच जेवण झालं. परीक्षेच्या दिवसांत रात्री अकरा वाजता भूक लागते, तेव्हा कडक भाकरी चुरून त्यावर दही घालून खातो.

मागच्या महिन्यात तुमच्या लेकीला ताप आला होता. तिने तुम्हाला कळवलं नसेल. आता ती अगदी ठणठणीत आहे. तेव्हा तिला काही जात नव्हतं, पण दुधात कुस्करलेली तुमची दशमी तिने खाल्ली. तिच्या चार दशम्यांतली एक ती नेहमी मेसच्या मावशींना देते. विचारलं तर सांगते, त्यांनाही लेकीकडून डबा येत नाही.

एक चूक सांगायची आहे. मागची चटणी बुरसली. त्यात दोष तुमचा नाही. मीच ओला चमचा घातला होता.

माझं घर गडचिरोलीकडे. तिथून डबा येईपर्यंत आंबून जाईल, म्हणून आई पाठवत नाही. तुमचा डबा उघडला की मला तिची आठवण येते.

तुमची,
लेकीची रूम पार्टनर"

तापाचं लिहावं की नाही, यावर आमचं बरंच भांडण झालं. शेवटी मैत्रीण म्हणाली, "बरी झालेय ना मी? मग लिही." ताप अंगात असता, तर मी तसं लिहिलं नसतं. दूरच्या आईला त्याने नुसता घोर लागला असता. चटणीचं मात्र लिहायलाच हवं होतं. नाहीतर उरलेली बुरसलेली चटणी डब्याच्या तळाशी बघून काकूंना वाटलं असतं, शेंगदाणे नीट भाजले गेले नाहीत.

'आम्ही पुढच्या डब्याची वाट बघतोय', हे वाक्य लिहून मी खोडलं. गोड दिसतं, पण ती मागणीच असते. सोळा दशम्या आणि एवढ्या भाकरी थापायच्या, मग भाकरी मंद आचेवर कडकडीत वाळवायच्या, यात काकूंची अख्खी सकाळ जायची. पाठवायचं की नाही, ते त्यांचं त्यांनी ठरवावं.

चिठ्ठी साखरेच्या पुडीखाली ठेवली आणि डबा गेला. उत्तर आलं नाही. काकूंना पत्र लिहायची सवय नव्हती.

तीन आठवड्यांनी डबा आला. चटणीच्या बरणीला दोऱ्याने एक लाकडी चमचा बांधलेला होता. आम्ही दशम्या वाटून घेतल्या, तर एक उरली. पुन्हा मोजल्या. सतरा होत्या.