रंगकामाचा ठराव आणि कोरम

तुमच्या २४ सदस्यांच्या सोसायटीत इमारतीला रंग द्यायचा आहे असे समजा. समितीत नव्याने आलेल्या माणसाने आधी विषयपत्रिका, म्हणजे अजेंडा, नीट वाचावा. त्यावर नुसते ‘देखभाल’ लिहिले असेल, तर पाच लाखांचा खर्च मंजूर होणार आहे हे सदस्यांना कळणार कसे? ‘बाहेरील रंगकाम, आलेली कोटेशन्स आणि वर्गणी’ असेच लिहायला हवे.

सभेच्या दिवशी आधी डोकी मोजा. महाराष्ट्राच्या आदर्श उपविधींनुसार सर्वसाधारण सभेची गणपूर्ती, म्हणजे कोरम, दोन तृतीयांश सदस्य किंवा २०, यांपैकी कमी असेल ती संख्या. तुमच्यासाठी १६. अर्ध्या तासात १६ जण जमले नाहीत, तर सभा तहकूब होते. तीच सभा पुन्हा भरल्यावर मात्र कोरमची अट राहत नाही. म्हणून ‘कोरम नसला की विषय बारगळतो’ या भरवशावर घरी बसू नका. दहा जणही मग रंगाचा निर्णय घेऊ शकतात.

ठराव एकजण मांडतो, दुसरा अनुमोदन देतो, मग मतदान. इतिवृत्तात, म्हणजे मिनिट्समध्ये, ‘रंगकामावर चर्चा झाली’ एवढेच उतरले, तर ते निरुपयोगी आहे. ठरावाचे नेमके शब्द, कंत्राटदार, रक्कम, सूचक, अनुमोदक आणि बाजूची-विरोधातली मते लिहा. कोण कोणावर ओरडले, ते गाळा. विरोध नोंदवायला सांगणाऱ्याचे नाव मात्र अवश्य घाला; पुढे वाद सहकार न्यायालयात गेला, तर तीच नोंद त्याच्या कामी येते.