मेडिकलच्या बिलातलं ‘१०+१’ एआयला एकदाच नीट समजावून सांगा

होलसेलरच्या बिलाचा फोटो काढायचा, एआय मॉडेलला द्यायचा आणि माल आपोआप शीटमध्ये उतरवायचा, हे कसं करायचं ते आपण व्हिडिओत पाहिलं. आज त्यातली खरी अडचण बघू. एकाच प्रकारचं बिल मॉडेल सोमवारी एका पद्धतीने वाचतं आणि मंगळवारी दुसऱ्या. असं का होतं, आणि ते थांबवायचं कसं?

उदाहरण आपल्या नागपूरचंच घेऊ. रामदासपेठेत दवाखाने भरपूर, त्यामुळे मेडिकल स्टोअर्सही भरपूर. समजा तुमचं तिथे मेडिकल आहे, किंवा तुम्ही चार-पाच मेडिकलवाल्यांची खरेदी बिलं चढवून देण्याचं काम सुरू करताय. गांधीबागेकडच्या होलसेलरांकडून माल येतो आणि प्रत्येकाचं बिलिंग सॉफ्टवेअर वेगळं, त्यामुळे बिलाची मांडणीही वेगळी.

आता एकच खरेदी घ्या. दहा स्ट्रिप घेतल्या, त्यावर स्कीममध्ये एक फ्री. दर ८० रुपये, सूट ५ टक्के, जीएसटी ५ टक्के. हा माल तीन होलसेलर तीन प्रकारे छापतात. पहिला `Qty` खाली थेट `10+1` लिहितो. दुसरा `Qty` मध्ये 10 आणि `Free` किंवा `Sch` नावाच्या वेगळ्या कॉलममध्ये 1 टाकतो. तिसरा फ्री स्ट्रिपची वेगळी ओळच छापतो, दर 0.00.

तुम्ही मॉडेलला नुसतं “क्वांटिटी वाच” म्हणालात, तर ते कधी 10 देईल, कधी 11. दोन्ही उत्तरं आपापल्या जागी बरोबरच आहेत, कारण बिलाचे पैसे दहाचे आहेत आणि रॅकवर अकरा स्ट्रिप आल्यात. प्रश्न अर्धवट होता, म्हणून मॉडेलने अंदाज लावला. नवीन माणूस कामावर ठेवला असता तर त्यानेही हेच केलं असतं.

आधी व्याख्या लिहा

चांगल्या व्याख्येत चार गोष्टी असतात: आकड्याचा अर्थ काय, तो बिलावर कोणकोणत्या रूपात दिसतो, कोणता आकडा घ्यायचा नाही, आणि आकडा नसेल तर काय लिहायचं. आपल्या मालासाठी ती अशी होईल:

```
qty_printed: बिलावर जसं छापलंय तसंच, उदा. "10+1"
billed_qty: ज्या नगांचे पैसे लावलेत तेवढेच.
  "10+1" असेल तर 10. Pack मधला "10'S" घेऊ नको.
free_qty: मोफत नग. "+" नंतरचा आकडा,
  किंवा Free / Sch कॉलम.
  ओळीचा दर 0.00 असेल तर त्या ओळीचे नग इथे,
  आणि billed_qty 0.
  काही छापलंच नसेल तर 0.
  छापलंय पण वाचता येत नसेल तर null.
```

शेवटच्या दोन ओळी बारीक वाटतात, पण त्या महत्त्वाच्या आहेत. ‘फ्री नाही’ आणि ‘फ्री किती ते दिसत नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्हीसाठी 0 लिहिलं तर कार्बन कॉपीवरचा पुसट आकडा गुपचूप गायब होतो. `null` आलं की तुम्ही कागद पुन्हा हातात घेता.

`10'S` चा उल्लेखही मुद्दाम केलाय. ते एका स्ट्रिपमधल्या गोळ्या सांगतं, पण `Qty` च्या शेजारी छापलेलं असल्यामुळे मॉडेल तिथे हमखास घसरतं.

मग सोडवलेली उदाहरणं द्या

व्याख्येसोबत बिलाचे फोटो आणि त्यांची बरोबर उत्तरं जोडा. चार पुरतात, पण ती चार वेगळ्या मांडणीची हवीत: एक `10+1` चं, एक वेगळ्या `Free` कॉलमचं, एक शून्य दराच्या ओळीचं आणि एक ज्यात फ्री काहीच नाही असं. हे चौथं बरेच जण विसरतात. सगळ्या उदाहरणांत फ्री माल असेल, तर मॉडेलला वाटतं की फ्री असतंच, आणि मग ते सवयीने 1 भरायला लागतं. पहिल्या बिलाचं उत्तर असं लिहा:

```
{"qty_printed": "10+1", "billed_qty": 10,
 "free_qty": 1, "rate": 80.00, "disc_pct": 5,
 "gst_pct": 5, "amount_printed": 760.00}
```

जीएसटीचा दर कागदावरूनच वाचायला सांगा, गृहीत धरू नका. बहुतेक औषधांचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला. जुनी बिलं चढवताना १२ दिसणारच.

हिशेब शीटला करू द्या

`Amount` कॉलममध्येही तीच गंमत. कुणी सूट वजा करण्याआधीचे ८०० छापतो, कुणी सूट वजा करून ७६०, तर कुणी जीएसटी धरून ७९८. मॉडेलला त्यातली ‘खरी’ रक्कम निवडायला लावू नका. छापलंय ते उतरव, एवढंच सांगा. शीटमध्ये तिन्ही रकमा काढा आणि छापलेली रक्कम त्यातल्या एकीशी जुळते का बघा, पैशांच्या फरकाला थोडी सवलत देऊन.

मॉडेलने चुकून `billed_qty` 11 लिहिलं तर शीटमध्ये ८८०, ८३६ आणि ८७७.८० येतील. ७६० कशाशीच जुळणार नाही, ओळ लाल होईल आणि चूक पकडली जाईल.

पण इथेच एक खड्डा आहे, बरं का. मॉडेलने 10 बरोबर वाचलं आणि फ्रीचा 1 सोडून दिला, तर हिशेब पैशापैशाला जुळतो! शीट हिरवी दिसते, आणि स्टॉकमध्ये मात्र एक स्ट्रिप कमी. शिवाय अकरा स्ट्रिप धरल्या तर एक स्ट्रिप जीएसटी सोडून ६९.०९ रुपयांना पडते, दहा धरल्या तर ७६ ला. महिनाभर असं चाललं की कोणत्या मालावर किती सुटतं याचा तुमचा अंदाजच चुकतो. म्हणून आपण `qty_printed` ठेवलंय. त्यात `+` आहे आणि `free_qty` शून्य आहे, अशी ओळ लाल करा. वेगळ्या `Free` कॉलमवाल्या बिलांना हा उपाय लागू होत नाही, तिथे आलेला माल मोजून ताळा घ्या.

तपासणी कशी करायची

उदाहरणांत न वापरलेली वीस बिलं बाजूला काढा आणि त्यांची उत्तरं स्वतः हाताने लिहून ठेवा. मॉडेलकडून ती वीस बिलं दोनदा वाचून घ्या आणि एकेक कॉलम ताडून बघा. दोन्ही वेळा उत्तर वेगळं आलं, तर बहुधा व्याख्या ढिली आहे. दोन्ही वेळा एकच पण चुकीचं आलं, तर व्याख्या चुकीच्या दिशेने नेतेय किंवा त्या मांडणीचं उदाहरण कमी पडतंय. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वीसच्या वीस बिलं परत चालवा, कारण एक दुरुस्ती कधीकधी दुसरीकडे बिघाड करते.

बॅच नंबर आणि एक्स्पायरी मात्र डोळ्यांनीच बघा. बॅचमधलं इंग्रजी ओ आहे की शून्य, हे कोणताही हिशेब सांगू शकत नाही. एक्स्पायरी `08/27` असेल तर `2027-08` एवढंच लिहायला सांगा. तारीख मागितली तर मॉडेल कधी १ ऑगस्ट भरेल, कधी ३१. औषध त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत चालतं, आणि हा नियम शीटमध्ये एकदाच लिहून ठेवता येतो.

आता कोणत्याही एका होलसेलरचं बिल घ्या आणि फक्त क्वांटिटीची व्याख्या लिहून काढा. ती दुकानातल्या नवीन पोराला वाचायला द्या. त्याने परत विचारलं, “दादा, हे अकरा धरू की दहा?” तर व्याख्या अजून अपुरी आहे.