‘धर्म’ इंग्रजीत का मावत नाही?

‘धर्म’ हा शब्द ‘धृ’ या धातूपासून आला. धृ म्हणजे धारण करणे, आधार देणे. म्हणून अग्नीचा धर्म जाळणे, राजाचा धर्म प्रजेचे रक्षण, आणि विद्यार्थ्याचा धर्म अध्ययन. वस्तूचा स्वभाव आणि माणसाचे कर्तव्य एकाच शब्दात येतात.

भाषांतरात काय होते, हे मनुस्मृतीवरून कळते. १७७२ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने ठरवले की हिंदूंचे वारसा, विवाह यांसारखे दावे शास्त्रानुसार चालवावेत. न्यायाधीशांना आधार हवा होता. विल्यम जोन्सने केलेले मनुस्मृतीचे इंग्रजी भाषांतर १७९४ मध्ये आले आणि त्याच्या शीर्षकात ‘धर्मा’च्या जागी ‘लॉ’ बसला.

पण या ग्रंथाच्या बारा अध्यायांपैकी कर्ज, ठेव, वारसा असे अठरा प्रकारचे दावे मुख्यतः आठव्या आणि नवव्या अध्यायांत येतात. बाकी ठिकाणी संस्कार, आहार, श्राद्ध, प्रायश्चित्त आणि मोक्षही आहे. जेवणापूर्वी आचमन करणे हाही धर्मच, पण त्यासाठी कोणी कोर्टात जात नाही. ‘लॉ’ म्हटले की हा सगळा भाग सुटतो. ‘रिलिजन’ म्हटले की कर्जवसुलीचे नियम परके वाटतात. ‘ड्यूटी’ म्हटले की अग्नीचा स्वभाव हरवतो.

धर्मशास्त्राचा पाच खंडांचा इतिहास इंग्रजीत लिहिणाऱ्या महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनीही ग्रंथाच्या नावात ‘धर्मशास्त्र’ हा शब्द तसाच ठेवला. संदर्भ पाहून प्रत्येक ठिकाणी अर्थ सांगणे, हाच प्रामाणिक मार्ग आहे.