बिल नोंदलं नाही तरी ताळेबंद जुळतो

या आठवड्यात घसाऱ्यावर लिहायचं ठरलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर टाकतो, कारण कल्याणहून एक पत्र आलं आहे आणि त्यातला प्रश्न मला सोडवत नाही.

पत्र लिहिणारी मुलगी बी.कॉम. होऊन एका कर सल्लागाराच्या कचेरीत नुकतीच लागली आहे. सरावासाठी तिने टॅलीत एक कंपनी उघडली, पाच लाखांचं भांडवल टाकलं, `F9` दाबून एक लाखाची उधार खरेदी नोंदवली आणि ताळेबंद उघडला. गेल्या लेखाप्रमाणे माल एक लाखाने वाढायला हवा होता, देणं एक लाखाने वाढायला हवं होतं आणि भांडवल जिथल्या तिथे राहायला हवं होतं. तिला दिसलं ते असं: देणं एक लाखाने वाढलेलं, माल कुठेच नाही आणि नफा-तोटा पत्रकात एक लाखाचा तोटा. ताळेबंद मात्र जुळलेला. ती विचारते, “सर, नुसता माल घेतल्याने तोटा कसा होईल? आणि हा तोटा खोटा असेल, तर ताळेबंद जुळला कसा?”

दुसरा प्रश्न पहिल्याहून मोठा आहे. पण आधी पहिला.

डोंबिवलीत मानपाडा रस्त्यावर इलेक्ट्रिकच्या सामानाचं एक दुकान आहे असं धरू. दुकानात तीन लाखांचा माल, बँकेत दोन लाख, देणं काही नाही, म्हणजे मालकाचं भांडवल पाच लाख. वायरिंगची कामं निघण्याचे दिवस आले, म्हणून मालकाने मुंबईच्या लोहार चाळीतल्या घाऊक व्यापाऱ्याकडून वायरची बंडलं मागवली. किंमत एक लाख, त्यावर अठरा टक्के जीएसटी, बिल १,१८,००० रुपयांचं. पैसे दीड महिन्याने द्यायचे. टेम्पो आला, माल उतरला, खिशातून रुपयाही गेला नाही.

आता संपत्तीच्या बाजूला बँकेत तेच दोन लाख आहेत, माल चार लाखांचा झाला आहे आणि जीएसटीचे १८,००० रुपये सरकारकडून वळते करून घेण्याचा हक्क आला आहे. बेरीज ६,१८,०००. दुसऱ्या बाजूला व्यापाऱ्याचं देणं १,१८,००० आणि भांडवल पाच लाख. बेरीज तीच. कराची रक्कम मालाच्या किमतीत मिसळायची नाही, कारण ती पुढे विक्रीवरच्या करातून वजा होणार आहे. हाच दुकानदार कंपोझिशन योजनेत असता, तर त्याला ही वजावट मिळाली नसती. मग माल १,१८,००० रुपयांचाच धरावा लागला असता. तरीही दोन्ही बाजू सारख्याच राहिल्या असत्या.

दीड महिन्याने बँकेतून १,१८,००० दिले की बँकेत ८२,००० उरतात, देणं शून्यावर येतं आणि दोन्हीकडे पाच लाख राहतात. मालकाचं भांडवल माल येतानाही हललं नाही आणि पैसे जातानाही हललं नाही. ते हलतं विक्रीच्या वेळी, नफा झाला तर.

मग कल्याणच्या आमच्या वाचक मुलीला तोटा का दिसला?

कारण दुकानदार खरेदी लिहितो ती ‘माल’ खात्यात नाही, ‘खरेदी’ खात्यात, आणि खरेदी खातं खर्चाच्या घरात बसतं. यामागे व्यवहारातली अडचण आहे. इलेक्ट्रिकच्या दुकानात कोणी सहा मीटर वायर नेतं, कोणी दोन होल्डर, कोणी मूठभर स्क्रू. प्रत्येक विक्रीला ‘याची मूळ किंमत किती होती’ हे लिहीत बसलं, तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल. म्हणून जुनी पद्धत अशी की वर्षभर घेतलेला सगळा माल विकलाच गेला असं समजून तो खर्चात टाकायचा आणि ३१ मार्चला जे शिल्लक उरलं ते मोजून खर्चातून बाहेर काढायचं.

म्हणजे उधार खरेदीची नोंद होते त्या क्षणी समीकरणात माल वाढतच नाही. देणं वाढतं आणि खरेदीच्या खर्चाने भांडवल तेवढंच घटतं. उजव्या बाजूच्या आतच एक लाख वर आणि एक लाख खाली. डावी बाजू फक्त जीएसटीच्या १८,००० रुपयांपुरती हलते. पुढे वर्षअखेरीला शिल्लक माल मोजला की त्याची किंमत डावीकडे संपत्ती म्हणून येते आणि तेवढीच रक्कम नफ्यात, म्हणजे भांडवलात, परत येते. आपल्या दुकानात त्या वर्षात काहीच विकलं गेलं नाही असं धरलं, तर सुरुवातीचा माल तीन लाख, खरेदी एक लाख, अखेरचा माल चार लाख. विकलेल्या मालाचा खर्च शून्य, आणि तो ‘तोटा’ नाहीसा.

तिने वर्षाच्या मध्येच, माल मोजण्याआधी ताळेबंद पाहिला. टॅलीत मालाच्या नोंदी हिशेबाशी जोडल्या, म्हणजे `F11` मधलं `Integrate Accounts with Inventory` चालू केलं आणि बिल मालाच्या नगांसह नोंदवलं, की शिल्लक माल आपोआप ताळेबंदात येतो. तिने हे करून पाहावं आणि दोन्ही ताळेबंद शेजारी ठेवून वाचावेत.

आता दुसरा प्रश्न. माल गायब असूनही ताळेबंद जुळला, तो का? कारण प्रत्येक नोंदीला दोन टोकं असतात, आणि दोन्ही टोकं लिहिली वा दोन्ही राहून गेली तरी बेरजा सारख्याच येतात. ताळेबंद जुळला यावरून एवढंच कळतं की अर्धी नोंद झालेली नाही. पूर्ण नोंदच राहिली असेल, तर ते त्याला कळायला मार्ग नाही. उधार खरेदीत हे वारंवार घडतं, कारण रोख खरेदीत गल्ल्यातून पैसे जातात आणि संध्याकाळी गल्ला मोजताना चूक पकडली जाते. उधारीत पुरावा म्हणून फक्त एक कागद असतो. तो खणात पडून राहिला की झालं.

अशीच एक चूक आपल्या दुकानात घडवून पाहू. २९ मार्चला लोहार चाळीतून ४०,००० रुपयांचे स्विच आणि बोर्ड आले, जीएसटी ७,२००, बिल ४७,२०० रुपयांचं. वर्षअखेरच्या धांदलीत बिल खणात गेलं आणि ६ एप्रिलला नोंदवलं गेलं, तेही एप्रिलच्या तारखेने. मधल्या काळात ३१ मार्चच्या रात्री दुकानातल्या पोराने शिल्लक माल मोजला. माल फळीवर होता, म्हणून त्याने तो मोजला. त्याचं काही चुकलं नाही.

ताळेबंदाचं काय झालं ते पाहा. देणं ४७,२०० रुपयांनी कमी दाखवलं गेलं. संपत्तीतून जीएसटीची ७,२०० रुपयांची वजावट राहिली. खरेदी ४०,००० रुपयांनी कमी धरली गेली, पण शिल्लक मालात ते स्विच आहेत, म्हणून नफा ४०,००० रुपयांनी फुगला. उजव्या बाजूला देणं ४७,२०० ने कमी आणि भांडवल ४०,००० ने जास्त, म्हणजे एकंदर ७,२०० ने कमी. डावी बाजूही बरोबर ७,२०० ने कमी. पैशापैशाने जुळलेला, आणि चुकीचा.

दुसऱ्या वर्षी ही चूक स्वतःहून उलट फिरते. ते स्विच सुरुवातीच्या मालातही आहेत आणि एप्रिलच्या खरेदीतही, म्हणून त्या वर्षाचा नफा ४०,००० रुपयांनी खाली येतो. दोन वर्षं मिळून हिशेब बरोबर होतो, एवढ्याने पुष्कळांचं समाधान होतं. माझं होत नाही. प्राप्तिकर एक वर्ष आधी भरला जातो हे एक. दुसरं अधिक गंभीर, ते म्हणजे बँक.

ठाणे जनता, डोंबिवली नागरी किंवा कल्याण जनता यांच्यासारख्या सहकारी बँकांकडून असो वा राष्ट्रीयीकृत बँकेकडून, दुकानाला कॅश क्रेडिट मिळतं ते मालाच्या तारणावर, आणि त्यासाठी दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट द्यावं लागतं. उचल किती द्यायची हे ठरवताना बँक एकूण मालातून व्यापाऱ्यांचं देणं आधी वजा करते, कारण उधारीवर आणलेल्या मालात दुकानदाराचा पैसा गुंतलेला नसतो. त्या मालासाठी व्यापाऱ्याने कर्ज दिलेलंच आहे, त्यावर बँकेने पुन्हा का द्यावं? आपल्या पहिल्या उदाहरणात माल चार लाख, देणं १,१८,०००. उरले २,८२,०००. बँकेचं मार्जिन २५ टक्के असेल, तर उचल २,११,५०० रुपयांपर्यंत. देणं लिहिलंच नाही, तर तोच आकडा तीन लाख होतो. माल खरा, मोजणी खरी, आणि तरी बँकेला ८८,५०० रुपयांनी चुकीचं चित्र गेलं. वार्षिक तपासणीत हे उघड झालं की मर्यादा कापली जाते, आणि ती नेमकी हंगामात कापली जाते.

मग न लिहिलेलं बिल सापडतं कसं? ताळेबंदाकडे बघून नाही, बाहेरच्या कागदावरून. पहिला कागद व्यापाऱ्याचा खातेउतारा. लोहार चाळीच्या वहीत तुमच्या नावावर २८ किंवा २९ मार्चचं बिल आहे आणि तुमच्या वहीत त्याच्या नावावर ते नाही, हे दोन उतारे शेजारी ठेवले की मिनिटात दिसतं. दुसरा कागद जीएसटी पोर्टलवरचा `GSTR-2B`. व्यापारी मार्चची विक्री आपल्या विवरणात भरतो आणि १४ एप्रिलला तयार होणाऱ्या मार्चच्या `GSTR-2B` मध्ये ते बिल तुमच्या नावावर उतरतं. तुमच्या मार्चच्या खरेदीत नसलेलं बिल तिथे दिसलं, की आवक वही उघडून माल कोणत्या दिवशी उतरला ते पाहायचं. तिसरी खूण नफ्याच्या टक्क्यात असते. तीस लाखांच्या विक्रीवर ढोबळ नफा दरवर्षी १५ टक्क्यांच्या आसपास असेल आणि एका वर्षी १६.३ झाला, दुसऱ्या वर्षी तेवढाच १५ च्या खाली घसरला, तर मी सगळ्यात आधी मार्चच्या शेवटच्या आठवड्यातली बिलं मागतो.

उलट प्रकारही होतो. बिल ३० मार्चचं, ते व्हॉट्सॲपवर आलं आणि लगेच नोंदवलं. टेम्पो मात्र १ एप्रिलला दुकानासमोर लागला. ३१ तारखेला फळीवर माल नाही, म्हणून मोजणीत आला नाही. आता नफा ४०,००० रुपयांनी कमी दिसतो, देणं पूर्ण आहे, आणि ताळेबंद पुन्हा जुळलेला. इथे आधी व्यापाऱ्याशी काय ठरलं होतं ते पाहायचं. माल त्याच्या गोदामातून निघाला तेव्हाच जोखीम आपली झाली असेल, तर मार्चच्या ताळेबंदात ‘वाटेतला माल’ म्हणून ४०,००० धरायचे. दुकानात पोहोचेपर्यंत जोखीम त्याची असेल, तर बिलच एप्रिलमध्ये न्यायचं. काहीही करा, माल आणि त्याचं देणं एकाच वर्षात ठेवा. आणि जीएसटीची वजावट माल हातात पडल्याशिवाय घेता येत नाही, म्हणून ते ७,२०० रुपये दोन्ही वेळा एप्रिलमध्येच.

घसारा पुढच्या शनिवारी.