पेनड्राइव्हवरच्या व्हिडिओखाली मराठी अक्षरं नीट का दिसत नाहीत?



शिवरे काय किंवा भोर-वेल्ह्यातलं दुसरं कुठलं गाव काय, वर्गात इंटरनेट दरवेळी मिळेलच असं नाही. म्हणून आपण व्हिडिओ पेनड्राइव्हवर घेतो आणि टीव्हीला लावतो. आवाज नीट ऐकू येत नसेल किंवा मुलांनी ऐकता ऐकता वाचावं असं वाटत असेल, तर खाली मराठी ओळी, म्हणजे सबटायटल, देतो. घरच्या संगणकावर सगळं छान दिसतं आणि टीव्हीवर मात्र प्रश्नचिन्हं, चौकोन किंवा भलतीच अक्षरं येतात. यातली चांगली गोष्ट अशी, की पडद्यावर नेमकं काय दिसतंय त्यावरूनच दोष कुठे आहे ते ओळखता येतं.

आधी फाइल कशी असते ते बघू. सबटायटलची सगळ्यात साधी आणि बहुतेक टीव्हींना चालणारी फाइल म्हणजे `.srt`. ती नुसती मजकुराची फाइल असते. भाटघर धरणावरच्या पाठाचं उदाहरण घेऊ.

```
1
00:00:05,000 --> 00:00:09,500
भाटघर धरण भोर तालुक्यात आहे.

2
00:00:10,000 --> 00:00:14,000
ते वेळवंडी नदीवर बांधले आहे.
```

पहिला क्रमांक, मग ओळ कधी दिसावी आणि कधी जावी ती वेळ, मग मजकूर आणि शेवटी एक रिकामी ओळ. सेकंदांनंतर स्वल्पविराम येतो, टिंब नाही. पुढचे तीन आकडे सेकंदाच्या हजाराव्या भागाचे. हे सगळे आकडे इंग्रजीच हवेत. ०५ असं मराठीत लिहिलं तर टीव्हीला ती वेळ कळत नाही.

ओळी मुळीच दिसत नसतील तर आधी फाइलचं नाव तपासा. व्हिडिओ `bhatghar.mp4` असेल तर सबटायटल `bhatghar.srt` हवी आणि दोन्ही एकाच फोल्डरमध्ये हव्यात. नोटपॅडमध्ये सेव्ह करताना `Save as type` मध्ये `All files` निवडलं नाही, तर फाइलचं नाव गुपचूप `bhatghar.srt.txt` होतं. विंडोज शेवटचं `.txt` लपवून ठेवतं, त्यामुळे आपल्याला सगळं बरोबरच वाटतं. फाइल एक्सप्लोररच्या `View` मेनूत `File name extensions` चालू केलं की खरं नाव समोर येतं.

नाव बरोबर असेल, तर पुढचा प्रश्न एन्कोडिंगचा. संगणक अक्षरं ठेवत नाही, आकडे ठेवतो. कोणत्या अक्षराला कोणते आकडे, याचा जो ठरलेला नियम, ते एन्कोडिंग. मराठीसाठी आज वापरायचा नियम म्हणजे `UTF-8`. यात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘नदी’ या शब्दात न, द आणि दीर्घ वेलांटी अशी तीन चिन्हं, म्हणजे नऊ बाइट. आता लिहिणाऱ्याचा नियम एक आणि वाचणाऱ्याचा दुसरा असला की गडबड होते.

पडद्यावर `à¤¨à¤¦à¥€` असं दिसलं तर घाबरू नका. तुमची फाइल शाबूत आहे. टीव्ही त्या नऊ बाइटांना युरोपी अक्षरांच्या जुन्या नियमाने वाचतोय. तीन-तीन बाइट मिळून एक चिन्ह, हे त्याला माहीत नाही, म्हणून तो प्रत्येक बाइटाचं एक वेगळं अक्षर काढतो. त्या गर्दीत `à¤` पुन्हा पुन्हा येतं, हीच याची खूण. अशा वेळी टीव्हीच्या सबटायटल मेनूत एन्कोडिंगचा पर्याय असेल तर तिथे `UTF-8` निवडा. नसेल तर फाइल नोटपॅडमध्ये उघडून `Save as` करा आणि खालच्या `Encoding` मध्ये `UTF-8 with BOM` घ्या. त्यामुळे फाइलच्या सुरुवातीला एक छोटी खूण बसते आणि बऱ्याच टीव्हींना नियम ओळखता येतो.

पडद्यावर `???` दिसलं तर प्रकरण गंभीर आहे. फाइल `ANSI` मध्ये सेव्ह झाली असण्याची शक्यता जास्त. त्या नियमात देवनागरीला जागाच नाही, म्हणून प्रत्येक चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह लिहिलं गेलं. नोटपॅड त्या वेळी इशारा देतं, पण घाईत आपण ओके दाबून मोकळे होतो. ती फाइल संगणकावर पुन्हा उघडा. तिथेही प्रश्नचिन्हंच असतील, तर मूळ मजकूर गेला. नियम बदलून तो परत येत नाही, पुन्हा टाइप करावा लागतो. २०१९ नंतरच्या विंडोज १० च्या नोटपॅडमध्ये नवी फाइल आपोआप `UTF-8` होते. त्याआधी ती `ANSI` व्हायची. शाळेतला संगणक जुना असेल, तर सेव्ह करताना हा रकाना बघाच.

‘नदी’च्या जागी `unh` दिसलं तर मजकूर कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे. तिथे फाइलमध्ये खरोखर इंग्रजी अक्षरंच असतात. फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो इतकंच. `.srt` फाइलबरोबर फॉन्ट जात नाही, म्हणून टीव्ही जे आहे तेच दाखवतो. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यायला हवा.

चौकोन दिसले तर टीव्हीने अक्षरं बरोबर ओळखली, पण ती काढायला त्याच्याकडे देवनागरी फॉन्टच नाही. ‘शिवरे’मधली ऱ्हस्व वेलांटी ‘श’च्या आधी न येता नंतर आली, किंवा जोडाक्षरं सुटी पडली, तर फॉन्ट आहे, पण अक्षरं जोडायचं काम त्या टीव्हीला येत नाही. या दोन्ही बाबतीत फाइलमध्ये कितीही बदल केले तरी उपयोग नाही.

दोष फाइलचा की टीव्हीचा, हे ठरवायला तोच पेनड्राइव्ह संगणकाला लावा आणि व्हीएलसीमध्ये व्हिडिओ चालवा. तिथे ओळी नीट दिसल्या, तर फाइल बरोबर आहे आणि अडचण टीव्हीची आहे.

टीव्ही ऐकतच नसेल तर ओळी चित्रातच छापून टाकायच्या. हँडब्रेक या मोफत प्रोग्रॅममध्ये व्हिडिओ उघडा, `Subtitles` मध्ये जाऊन `.srt` फाइल आत घ्या, तिच्यापुढे `Burn In` ला खूण करा आणि नवी फाइल बनवा. आता अक्षरं जोडायचं काम संगणकाने केलेलं असतं आणि टीव्हीला फक्त चित्र दाखवायचं असतं, त्यामुळे अक्षरं बिघडत नाहीत. पण या ओळी नंतर बंद करता येत नाहीत आणि चूक राहिली तर सगळी फाइल पुन्हा बनवावी लागते. म्हणून आधी एक मिनिटाचाच भाग बनवून टीव्हीवर बघा, आणि मूळ `.mp4` व `.srt` जपून ठेवा.

चाचणीसाठी ओळ निवडताना ‘शिवरे’, ‘विद्यार्थी’, ‘क्षेत्र’, ‘सूर्य’ असे शब्द घ्या. वेलांटी, जोडाक्षर आणि रफार तिन्ही त्यात येतात. हे चार शब्द टीव्हीवर नीट दिसले, की पुढचा पाठ बिनधास्त लावा.