पासपोर्ट कपाटात, नागरिकत्व केव्हाच गेलेलं

वसमत किंवा कळमनुरीकडच्या एखाद्या घरातला मुलगा अमेरिकेत जातो, नोकरीला लागतो, ग्रीन कार्ड मिळवतो आणि पुढे तिथला नागरिक होतो. घरात पेढे वाटले जातात. मग पारावर कुणीतरी म्हणतं, "म्हणजे आता त्याच्याकडं दोन्ही देशांचं नागरिकत्व. पासपोर्ट तर आपलाबी आहेच की त्याच्यापाशी." पासपोर्ट असतो, हे खरं. पण भारताचं नागरिकत्व शपथ घेतली त्याच दिवशी संपलेलं असतं. कुणी नोटीस पाठवत नाही, कुठलं कार्यालय आदेश काढत नाही, म्हणून घरच्यांना ते कळत नाही इतकंच.

नागरिकत्व कायदा १९५५ मध्ये यासाठी दोन वेगळी कलमं आहेत आणि बहुतेक घोटाळा ती एकत्र केल्यामुळे होतो. कलम ८ स्वेच्छेनं त्याग करण्याचं आहे. त्यात सज्ञान नागरिक स्वतः घोषणापत्र भरून देतो आणि त्याची नोंद झाली की नागरिकत्व संपतं. कलम ९ अगदी निराळं आहे. भारतीय नागरिकानं स्वखुशीनं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की त्याचं भारतीय नागरिकत्व आपोआप संपुष्टात येतं. अर्ज, सही, परवानगी, कशाचीच गरज नसते. अमेरिकेला गेलेल्या आपल्या मुलाला लागू होतं ते हेच कलम ९.

"पण अमेरिकेनं पासपोर्ट परत मागितलाच नाही," हा पुढचा युक्तिवाद. अमेरिका तो मागणारही नाही. नागरिकत्वाच्या शपथविधीत तिथले अधिकारी ग्रीन कार्ड परत घेतात. भारतीय पासपोर्टाशी त्यांना कर्तव्य नसतं. अमेरिकेच्या शपथेत परकीय निष्ठा सोडल्याची वाक्यं असली, तरी दोन नागरिकत्वं बाळगणारे लाखो लोक त्या देशात आहेत आणि अमेरिका त्यांच्या मागे लागत नाही. अडवतो तो भारताचा कायदा. जर्मनीनं २७ जून २०२४ पासून आधीचं नागरिकत्व न सोडता जर्मन होण्याची मुभा दिली, तेव्हा अनेक भारतीय घरांत आनंद झाला. त्या मुभेनं तुर्की माणसाचा प्रश्न सुटला. भारतीय माणसाचा सुटला नाही, कारण त्याची गाठ इथल्या कलम ९ शी आहे.

ग्रीन कार्ड किंवा कुठल्याही देशातली कायमची राहण्याची परवानगी म्हणजे नागरिकत्व नव्हे, हेही इथंच सांगितलेलं बरं. ग्रीन कार्डवर वीस वर्षं राहिलेला माणूसही पूर्ण भारतीय नागरिक असतो. तो अनिवासी भारतीय. नमुना ६-अ भरून त्याला मतदार यादीत नाव घालता येतं, फक्त मत द्यायला स्वतः गावच्या केंद्रावर यावं लागतं. शपथ घेतलेल्याचं नाव मात्र कायद्यानं यादीत राहूच शकत नाही. तरी गावाकडच्या यादीत ते वर्षानुवर्षं तसंच राहतं आणि कुणी हौसेनं मतदान करून शाईचं बोट दाखवतो. तो हौसेचा फोटो उद्या त्याच्याच विरुद्धचा पुरावा ठरू शकतो.

आपोआप संपणं म्हणजे काय, हे गोवा फार मोठी किंमत मोजून शिकला. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी पोर्तुगीज राजवटीत जन्मलेले गोवेकर आणि त्यांची मुलं-नातवंडं लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात जन्मनोंद करून पोर्तुगीज नागरिकत्व घेऊ शकतात. हजारोंनी ते घेतलं आणि इंग्लंडात, युरोपात कामाला गेले. अनेकांनी मधल्या काळात भारतीय पासपोर्ट वापरणं चालूच ठेवलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयानं भूमिका कडक केली. अशा लोकांनी माहिती दडवली असं धरून पासपोर्ट जमा करून घेण्याऐवजी रद्द केले जाऊ लागले. आणि मग पेच पडला. परदेशस्थ भारतीय नागरिक कार्डासाठी, म्हणजे सगळे ज्याला ओसीआय म्हणतात त्यासाठी, पासपोर्ट जमा केल्याचा दाखला लागतो. पासपोर्ट रद्दच झालेल्यांना तो मिळेना. आपल्याच गावात पर्यटकासारखा व्हिसा काढून यायची पाळी लोकांवर आली. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रानं जमा-दाखल्याऐवजी पासपोर्ट रद्द केल्याचं प्रमाणपत्र चालेल असं मान्य केलं, तेव्हा कुठं वाट मोकळी झाली.

म्हणून शपथेनंतरचं पहिलं काम पासपोर्ट जमा करणं. भारतीय वकिलातीच्या ठरलेल्या सेवा केंद्रात जुना पासपोर्ट, नव्या देशाचं नागरिकत्व-प्रमाणपत्र आणि अर्ज दिला की पासपोर्टावर रद्दचा शिक्का बसतो आणि तो दाखल्यासह परत मिळतो. तो जपून ठेवावा. भारतीय मूळ सिद्ध करायला तोच सगळ्यात सोपा पुरावा. शपथेनंतर जुन्या पासपोर्टावर प्रवास केला असेल तर वर दंड बसतो. पण खरा गुन्हा पुढचा आहे. नागरिकत्व दडवून पासपोर्टाचं नूतनीकरण करून घेतलं, तर पासपोर्ट कायद्याच्या कलम १२ नुसार एक ते पाच वर्षं कैद आणि दहा ते पन्नास हजार रुपये दंड होऊ शकतो.

त्यानंतर ओसीआय. अर्ज ociservices.gov.in वर भरायचा, अमेरिकेत शुल्क २७५ डॉलर. मराठवाड्यातल्या माणसाचा अर्ज अडकतो तो बहुधा नावात. जुन्या पासपोर्टावर आडनावाचा रकाना कोरा आणि नाव-वडिलांचं नाव-आडनाव एकाच ओळीत, अमेरिकी कागदावर वडिलांचं नाव गायब, शाळेच्या दाखल्यावर तिसरंच काही. एकच माणूस असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवलेलं बरं.

या कार्डालाच कित्येक जण दुहेरी नागरिकत्व म्हणतात. त्यात सगळा दोष लोकांचा नाही. २००५ च्या अखेरीस योजना सुरू झाली तेव्हा ती त्याच थाटात मिरवली गेली, आणि नावातच 'नागरिक' आहे. प्रत्यक्षात तो आयुष्यभराचा, कितीही वेळा ये-जा करता येणारा व्हिसा आहे, वर काही सवलती. मतदान नाही, निवडणूक लढवता येत नाही, सरकारी नोकरी नाही. पत्रकारिता, संशोधन, गिर्यारोहण यांसाठी आधी परवानगी लागते. पाकिस्तान किंवा बांगलादेशाचं नागरिकत्व कधीही असलेल्यांना हे कार्ड मिळत नाही. आणि सरकार ते रद्दही करू शकतं, नागरिकत्वासारखं ते पक्कं नाही.

हिंगोलीकराचा खरा प्रश्न मात्र वेगळाच असतो. तो असतो सातबाऱ्याचा.

समजा, औंढ्याजवळ वडिलांच्या नावे आठ एकर हळदीचं रान आहे. थोरला अमेरिकेचा नागरिक, धाकटा गावी शेती करतो. शेजारी सांगतो, थोरल्याचा हक्क गेला, परदेशी माणसाला शेतजमीन मिळत नाही. वडील घाबरून ठरवतात की जिवंतपणीच चार एकर थोरल्याला बक्षीसपत्रानं देऊन टाकू. नेमका हाच रस्ता बंद आहे. परकीय चलनविषयक नियमांनुसार ओसीआयधारकाला घर, फ्लॅट, दुकान विकत घेता येतं. शेतजमीन, फार्महाऊस आणि मळे मात्र खरेदीनंही घेता येत नाहीत आणि बक्षीसपत्रानंही नाहीत. वारसा ही वेगळी गोष्ट. वडिलांच्या पश्चात वारसानं किंवा मृत्युपत्रानं शेतजमीन थोरल्याकडे रीतसर येते. तलाठ्याकडे वारस फेरफार होतो आणि सातबाऱ्यावर त्याचं नाव लागतं. भारतात राहत असताना त्यानं स्वतः घेतलेली जमीनही शपथ घेतल्यानं जात नाही. तेव्हा या घरात वडिलांनी करायचा कागद बक्षीसपत्राचा नाही, मृत्युपत्राचा.

पुढे थोरल्यानं ते चार एकर विकायचं ठरवलं, तर गिऱ्हाईक भारतात राहणारा भारतीय नागरिकच हवा. दुसऱ्या ओसीआयधारक मित्राला ते विकता येणार नाही. व्यवहारासाठी धाकट्याला कुलमुखत्यारपत्र पाठवायचं, तर ते वकिलातीत किंवा नोटरी-अपोस्टील करून घ्यावं आणि भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक शुल्क भरावं. तो कागद कपाटात पडून राहतो आणि खरेदीखताच्या दिवशी अडतो, हे नेहमीचं दुखणं. पैसे थोरल्याच्या एनआरओ खात्यात येतात. तिथून सनदी लेखापालाच्या प्रमाणपत्रानिशी वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेता येते. हळदीच्या रानाच्या मानानं ही मर्यादा नावापुरतीच.

मुलांबद्दलचा एक समज तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आईबापांनी परकं नागरिकत्व घेतलं तरी मूल अठरा वर्षांचं झाल्यावर वर्षभरात भारतीय होऊ शकतं, असं अनेकांना वाटतं. ही सोय कायद्यात आहे, पण कलम ८ मध्ये. एका मुलाचे आईवडील १९९८ मध्ये सिंगापूरचे नागरिक झाले. तो तेव्हा आईच्या पोटात होता, १९९९ मध्ये जन्मला आणि सज्ञान झाल्यावर त्यानं भारतीय नागरिकत्व मागितलं. मद्रास उच्च न्यायालयानं ते मान्य केलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल फिरवला. आईवडिलांचं नागरिकत्व कलम ९ नं आपोआप संपलं होतं, त्यांनी त्याग केला नव्हता, म्हणून मुलाला ती सोय नाही. वर वर सारखी दिसणारी दोन कलमं, आणि एका पिढीचा हक्क त्यांच्यामधल्या फटीत गेला.

परतीची वाट तरीही बंद नाही. पाच वर्षं ओसीआयधारक असलेला सज्ञान माणूस अर्जाच्या आधी बारा महिने भारतात राहिला, तर नोंदणीनं पुन्हा भारतीय नागरिक होण्यासाठी अर्ज करू शकतो. अर्थात मग परकं नागरिकत्व सोडावं लागतं. कॅनडाचा नागरिक झालेल्या अक्षयकुमारनं भारतीय नागरिकत्व परत मिळवलं आणि १५ ऑगस्ट २०२३ रोजी तसं जाहीर केलं. पण उलटे फिरणारे थोडे. संसदेत दिलेल्या आकड्यांनुसार २०२२ मध्ये २,२५,६२० जणांनी भारतीय नागरिकत्व सोडलं आणि २०२३ मध्ये २,१६,२१९ जणांनी.

घरातलं कुणी यंदा अशी शपथ घेणार असेल, तर शपथेनंतर जुन्या पासपोर्टावर तिकीट काढू नका, तो आधी जमा करा, आणि शेताचं बक्षीसपत्र करायला दुय्यम निबंधकाकडे जाण्याआधी जमिनीचं काम जाणणाऱ्या वकिलाला एकदा विचारा.