फरक खरेदीच्याच दिवशी

समजा, एका कारखान्याने पोलादी पत्र्याचा प्रमाण दर किलोला 50 रुपये धरला आहे. प्रत्यक्षात 1,000 किलो पत्रा 53 रुपयांनी उधार आला. बिल नोंदवतानाच कच्चा माल खाते 50,000 रुपयांनी नावे होते, किंमत-फरक खाते 3,000 रुपयांनी नावे आणि पुरवठादार 53,000 रुपयांनी जमा. महागाई त्याच दिवशी दिसते. खरेदी विभागाला लगेच विचारता येते. मला ही पद्धत म्हणूनच पटते.

पुढे 840 किलो वापरला, पण झालेल्या उत्पादनाला 800 किलोच पुरायला हवा होता. मग चालू काम 40,000 नावे, वापर-फरक 2,000 नावे, कच्चा माल 42,000 जमा. इथे 53 रुपयांचा दर येतच नाही, त्यामुळे वाया गेलेल्या 40 किलोंचा जाब फक्त उत्पादन विभागाने द्यायचा.

फरक वापरताना नोंदवला असता, तर 840 किलोंचे 2,520 रुपयेच दिसले असते. 480 रुपये गोदामातल्या 160 किलोंच्या किमतीत राहिले असते.

वर्षअखेर मात्र सावध राहावे. तो साठा 8,000 रुपयांनी दिसतो, खरी किंमत 8,480. असा फरक मोठा असेल, तर ताळेबंदापूर्वी साठा खाते 480 रुपयांनी नावे करून किंमत-फरक खाते तेवढेच जमा करावे लागते.